लोहाच्या गोळ्या चालू, तरी हिमोग्लोबिन चढेना: सीलिअ‍ॅकचं निदान होईपर्यंत

लोहाची गोळी शरीरात शोषली जात असेल तर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने वर यायला हवं. माझं तीन महिन्यांत ८.२ वरून ८.५ वर आलं. फेरिटिन ४, तांबड्या पेशींचा आकार सांगणारा एमसीव्ही ६७. फेरिटिन १५ च्या खाली असलं की लोहाचा साठा संपलाय हे नक्की, त्याला दुसरा पुरावा लागत नाही. म्हणजे लोह कमी आहे का, हा प्रश्नच नव्हता. ते रक्तस्रावातून बाहेर जातंय की आत शिरतच नाहीये, एवढंच ठरवायचं होतं.

त्याआधी गोळी नीट घेतली जातेय का, हे पाहून घ्यावं लागतं. चहासोबत किंवा चहानंतर लगेच घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेतली तर तेच. ॲसिडिटीची कॅप्सूल रोज चालू असेल तर पोटातलं आम्ल कमी होतं आणि लोह विरघळायलाच अडचण येते. शौचाचा रंग काळसर होत असेल तर गोळी पोटात जातेय एवढं कळतं, पण रक्तात उतरतेय असं त्यावरून म्हणता येत नाही. न शोषलेलं लोहच तो रंग देतं. आपल्या नागपुरात आणखी एक सल्ला हमखास मिळतो, गोळीसोबत संत्र्याचा रस घ्या. घ्यायला हरकत नाही, पण पुरेशा मात्रेची गोळी चालू असताना त्याने फारसा फरक पडत नाही, आणि आतड्याचं अस्तरच बिघडलेलं असेल तर मुळीच नाही.

विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमिया मायनर दोन्ही आढळतात, म्हणून एमसीव्ही कमी दिसला की हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी एचपीएलसी तपासणी करून घेणं शहाणपणाचं. त्यात एक खोच आहे. लोह फार कमी असताना थॅलेसेमिया मायनर ओळखून देणारा एचबीए२ हा आकडा खोटा कमी दिसू शकतो. तो सीमारेषेवर असेल तर लोह भरून निघाल्यावर तपासणी पुन्हा करावी.

बाईच्या अंगात लोह कमी म्हटलं की सगळ्यांचं बोट पाळीकडे जातं. पाळीत खरंच जास्त जात असेल तर ते कारण पुरेसं आहे. पण माझी पाळी चार दिवसांची, गाठी नाहीत, सोनोग्राफी स्वच्छ. शौचातही रक्त सापडलं नाही. मग उरलं शोषण.

लोह मुख्यतः जठराच्या लगेच पुढे, लहान आतड्याच्या पहिल्या वीतभर भागात शोषलं जातं. या भागाला ड्युओडेनम म्हणतात. तिथे पोचण्याआधी ते जठरातल्या आम्लात विरघळलेलं असावं लागतं. एच. पायलोरी हा जंतू जठराला सूज आणून आम्ल आणि जठररसातलं क जीवनसत्त्व कमी करतो. सीलिअ‍ॅकमध्ये गव्हातल्या ग्लुटेनमुळे ड्युओडेनमच्या अस्तरावरचे केसांसारखे उंचवटे झिजून सपाट होतात. आणि वजन कमी करण्याच्या बायपास शस्त्रक्रियेत अन्नाची वाट अशी वळवतात की ते ड्युओडेनमला लागतच नाही. तिन्हींमध्ये जुलाब, पोटदुखी असं काहीही नसू शकतं. मला फक्त थकवा होता.

पहिल्या एंडोस्कोपीत जठरातून तुकडा घेऊन एच. पायलोरीची तपासणी झाली आणि ती पॉझिटिव्ह आली. कारण सापडलं म्हणून फाईल तिथेच बंद झाली. रिपोर्टवर ड्युओडेनमपुढे ‘नॉर्मल’ असं लिहिलेलं होतं, तुकडा मात्र तिथून घेतलाच नव्हता. माझ्या मते सगळा वळसा इथेच पडला. एच. पायलोरी आपल्याकडे निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात असतो आणि त्यातल्या बहुतेकांचं लोह ठीक असतं. तो सापडला म्हणजे तोच कारण आहे, असं होत नाही. त्याच्यावर उपचार करायचे, पण शोध थांबवायचा नाही.

उपचार चौदा दिवसांचे: आम्ल कमी करणारं औषध, बिस्मथ आणि दोन अँटिबायोटिक्स. तोंड कडू होतं, बिस्मथमुळे शौच काळं होतं, मळमळतं, आणि इथेच लोक औषधं अर्ध्यावर सोडतात. मग जंतू औषधाला दाद न देणारा होऊन बसतो. जंतू गेला का हे उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पाहायचं, श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीने. त्याआधी दोन आठवडे ॲसिडिटीची कॅप्सूल बंद हवी आणि चार आठवड्यांत कुठलंही अँटिबायोटिक झालेलं नसावं, नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येतं. रक्तातली अँटिबॉडी तपासणी यासाठी निरुपयोगी, कारण जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते.

माझी श्वासाची तपासणी निगेटिव्ह आली. त्यानंतर दोन महिने गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन ८.६.

आता सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी झाली, टीटीजी-आयजीए. सोबत एकूण आयजीए मागायचंच. काही लोकांत आयजीए हा अँटिबॉडीचा प्रकार जन्मतःच नसतो, त्यांची टीटीजी आजार असूनही निगेटिव्ह येते आणि मग आयजीजी प्रकारातली तपासणी करावी लागते. माझी टीटीजी १४० आली, त्या लॅबची मर्यादा २०. एकूण आयजीए व्यवस्थित.

यापुढे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो असा: रिपोर्ट हातात आला की घरचे लगेच पोळी बंद करतात. असं करू नका. गहू बंद केला की टीटीजी उतरू लागते, अस्तर भरून यायला लागतं, आणि बायोप्सीत काहीच धड सांगता येत नाही. तपासण्या पूर्ण होईपर्यंत रोज एकापेक्षा जास्त जेवणांत गहू हवाच. ज्यांनी आधीच बंद केलाय त्यांना साधारण सहा आठवडे रोज पोळी खाऊन मग तपासणीला यावं लागतं, आणि गव्हाने फार त्रास होत असेल तर हे डॉक्टरांशी बोलूनच.

दुसऱ्या एंडोस्कोपीआधी मी डॉक्टरांना एकच विनंती केली, अस्तर डोळ्याला चांगलं दिसलं तरी तुकडे घ्या. ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागातून निदान चार, आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन. झीज सगळीकडे सारखी नसते, म्हणून एका तुकड्यावर भागत नाही. याही वेळी दुर्बिणीतून विशेष काही दिसलं नव्हतं. बायोप्सीचं उत्तर आलं मार्श ३बी, म्हणजे उंचवटे बरेचसे झिजलेले. आपल्याकडे ट्रॉपिकल स्प्रू हा आतड्याचा आजार आणि जिआर्डियाचा संसर्ग यांतही अस्तर असंच दिसू शकतं, म्हणून बायोप्सी आणि टीटीजी दोन्ही एकत्र वाचूनच निदान पक्कं होतं.

लोह शिरेतून देण्याचं ठरलं, कारण अस्तर भरून यायला कित्येक महिने जातात आणि तोवर गोळ्यांचा उपयोग नसल्यात जमा. मात्रेचा हिशोब असा: किलोमधलं वजन × (१५ − आत्ताचं हिमोग्लोबिन) × २.४ + ५००. माझं वजन ५२, म्हणजे ५२ × ६.४ × २.४ = सुमारे ८०० आणि वर ५००, एकूण १३०० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅमच देतात, म्हणजे सहा-सात खेपा. फेरिक कार्बोक्सीमाल्टोजमध्ये एका बैठकीत १००० पर्यंत जातं, म्हणून दोन बैठकांत काम होतं, पण महाग पडतं. त्याने काहींचं फॉस्फेट खाली येतं. सीलिअ‍ॅकमध्ये ड जीवनसत्त्वही बऱ्याचदा कमीच असतं, त्यामुळे नंतर हाडं दुखली किंवा भलताच अशक्तपणा आला तर फॉस्फेट तपासावं. फेरिटिन मात्र लगेच करू नये, पहिले काही आठवडे आकडा फुगलेला येतो. मी आठ आठवड्यांनी केलं. हिमोग्लोबिन तोवर १२ च्या पुढे गेलेलं होतं.

डे-केअरमध्ये बाजूच्या खाटेवर बायपास झालेल्या एक ताई होत्या. त्यांचा प्रश्न वेगळा: अस्तर चांगलं, पण अन्न तिथून जातच नाही. पथ्याने किंवा जंतूच्या औषधाने तो सुटत नाही. अशा बायकांना पाळी चालू असेल तर रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह कायम घ्यावं लागतं, कॅल्शियमपासून दोन तासांच्या अंतराने, आणि तेही पुरलं नाही तर अधूनमधून शिरेतून. कमतरता शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही येते, तोवर रुग्ण ‘आधी ऑपरेशन झालंय का’ या प्रश्नाला सिझेरियन सांगतो आणि हे विसरतो. डॉक्टरांना आठवणीने सांगा.

पथ्यात पोळी सोडणं हा सोपा भाग. ज्वारी, बाजरी, तांदूळ, बेसन सगळं चालतं, त्यामुळे विदर्भातल्या घरात भाकरी, गोळाभात, पाटोडी रस्सा यांवर माणूस सुखाने राहतो. त्रास लपलेल्या गव्हाचा. डबीतल्या बहुतेक हिंगांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि तो हिंग वरणापासून तर्रीपर्यंत सगळ्यात पडतो. डबीवरचे घटक वाचून तांदळाच्या पिठाचा हिंग घ्यावा. सांबारवडीचं सारण कोथिंबिरीचं असलं तरी पारीत मैदा किंवा कणीक असू शकते. सातूच्या पिठात गहू असतो. आणि गिरणी: तिथे गव्हानंतर लगेच ज्वारी दळली की आधीची कणीक पिठात उतरते, आधी पसाभर दाणे दळून टाकल्याने ती पूर्ण जात नाही. सहा महिन्यांनी माझी टीटीजी उतरली, पण मर्यादेच्या वरच अडकली होती. हिंग आधीच बदललेला होता, म्हणून संशय गिरणीवर. घरघंटी घेतली, त्यात गहू कधीच घालत नाही, घरच्यांची कणीक बाहेरून दळून येते आणि वेगळ्या परातीत मळली जाते. त्याच्या पुढच्या तपासणीत टीटीजी मर्यादेच्या आत आली. आता फेरिटिन गोळीशिवाय टिकून आहे.

आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचीही टीटीजी करायची असते, त्रास नसला तरी. माझ्या मुलीची निगेटिव्ह आली, पण हा आजार नंतर कधीही उद्भवू शकतो. म्हणून तिची एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकप्रकारांची तपासणी केली. दोन्ही नसते तर सीलिअ‍ॅकची शक्यता जवळजवळ संपली असती. तिच्यात डीक्यू२ आहे. त्यामुळे तिची टीटीजी दर दोन-तीन वर्षांनी होईल, आणि तोवर तिच्या ताटात पोळी राहील.