हवाबंद डब्यातलं पीठ, ओली साखर आणि खवट अक्रोड : माझा अनुभव

दमट हवेत स्वयंपाकघरात काही खराब झालं की पहिला सल्ला मिळतो तो हवाबंद डबे आणायचा. मीही ते आणले, रबरी कडांचे आणि चांगले घट्ट बसणारे. तरी पिठात किडे निघालेच. तेव्हा लक्षात आलं, की डबा बाहेरचं आत येऊ देत नाही हे खरं, पण जे आत गेलंय तेही तो सांभाळून ठेवतो. त्यानंतर मी डब्यांपेक्षा डब्यात जाणाऱ्या वस्तूंकडे बघायला लागले.

सुरुवात किड्यांपासूनच करते. पिठात सापडतो तो लालसर तपकिरी, तीन-चार मिलिमीटर लांबीचा चपटा भुंगा. तो बाहेरून उडत येऊ शकतो, पण बऱ्याचदा त्याची अंडी पिठासोबतच घरात येतात. अंडी चिकट असतात, त्यांना पीठ लागतं आणि मग ती पिठाच्याच रंगाची दिसतात. साध्या चाळणीतून आरामात खाली पडतात. त्यामुळे 'चाळून ठेवलं होतं' याला फारसा अर्थ नाही. तिशीच्या घरातलं तापमान आणि दमट हवा मिळाली की अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण महिना पुरतो. वीस अंशांखाली मात्र त्यांची वाढ जवळजवळ थांबते.

पिठात काही आहे का हे कळायला मी एक सोपी पद्धत वापरते. पसरट ताटलीत थोडं पीठ घ्यायचं, सुरीच्या पात्याने वरचा थर अगदी सपाट करायचा आणि ताटली रात्रभर न हलवता ठेवायची. सकाळी वर बारीक रेघा किंवा बोगदे दिसले, की आत कुणीतरी फिरतंय. पीठ चाळणीला धाग्यांनी लोंबत असेल, जाळी धरली असेल, तर तो भुंगा नव्हे, पतंगाच्या अळ्या आहेत. पिठाला गुलाबीसर झाक आणि नाकाला झोंबणारा वास असेल, तर भुंगे फार वाढलेत. त्यांच्या अंगातून निघणाऱ्या द्रव्यांचा तो वास असतो आणि चाळून जात नाही. असं पीठ मी सरळ बांधून घराबाहेर टाकते.

नवं पीठ आलं की आता ते आधी फ्रीजरमध्ये जातं. उणे अठरा अंशांवर चार दिवस ठेवलं की अंडी, अळ्या, भुंगे सगळेच मरतात. पण 'चार दिवस' मोजायचे ते पिठाचा गाभा गार झाल्यावर. पिठातून उष्णता फार हळू जाते, त्यामुळे पाच किलोची पिशवी तशीच कोंबली तर मधलं पीठ बराच वेळ कोमटच राहतं. म्हणून मी ते एक-एक किलोच्या पिशव्यांत भरते, हवा दाबून काढते आणि पिशव्या आडव्या, चपट्या ठेवते.

खरी गोम पिशवी बाहेर काढताना असते. पिशवी ओट्यावर ठेवली की मिनिटभरात बाहेरून पाण्याचे थेंब जमतात. हेच पाणी पिशवी लगेच उघडली तर पिठावर जमणार. गार पीठ दमट हवेत उघडं ठेवणं म्हणजे आपणच त्यावर पाणी शिंपडणं. म्हणून पिशवी बंदच ठेवून रात्रभर बाहेर राहू द्यायची, सकाळी बाहेरून पुसून कोरडी करायची आणि मगच पीठ डब्यात ओतायचं. फ्रीजरमधून काढून 'थोडंसं' घेऊन पिशवी परत आत टाकणाऱ्यांच्या पिठात गोळे होतात ते याच कारणाने.

डबाही एकदा तपासून घेतलेला बरा. रिकामा डबा झाकण लावून पाण्याच्या बादलीत दाबून धरायचा. बुडबुडे आले तर कडेला फट आहे. माझ्या देखण्या डब्यांपैकी काहींनी या परीक्षेत मस्त बुडबुडे सोडले, आणि जाडजूड काचेची एक जुनी बरणी मात्र तग धरून राहिली.

पिठातला ओलावा मोजायला मी एक छोटं डिजिटल आर्द्रतामापक आणलं. ते कोरड्या कापडाच्या पातळ पिशवीत घालून पिठाच्या डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. सुरुवातीला ते बाहेरच्या हवेचाच आकडा दाखवतं. दुसऱ्या दिवशी जो आकडा दिसतो तो मात्र पिठाचा असतो, कारण बंद डब्यातल्या थोड्याशा हवेला पीठच आपल्या ओलाव्याच्या पातळीवर आणतं. ६५ टक्क्यांखाली असेल तर मी निवांत असते. ७० च्या वर गेला तर बुरशीला वाव मिळतो. असं पीठ मी साठवत नाही. लगेच संपवते, नाहीतर ट्रेमध्ये पातळ थर पसरून ओव्हनमध्ये ६० अंशांवर तासभर ठेवते आणि झाकून पूर्ण गार झाल्यावरच भरते. कोमट पीठ झाकणाखाली कोंडलं तर झाकणाच्या आतल्या बाजूला पाणी धरतं.

हे मोजताना सिलिका जेलच्या पुड्यांबद्दलचा माझा समज पार बदलला. पाच ग्रॅमची पुडी फार तर दीड-दोन ग्रॅम पाणी धरते. एक किलो पिठाचा ओलावा १४ टक्क्यांवरून १३ वर आणायचा तर दहा ग्रॅमच्या वर पाणी काढावं लागतं. म्हणजे पिठाच्या डब्यात एखादी पुडी टाकणं हे निव्वळ मनाचं समाधान. मसाल्याच्या लहान बाटलीत मात्र तीच पुडी चांगलं काम करते. खाण्याच्या वस्तूंसाठीचीच पुडी घ्यायची आणि फाटलेली नाही ना, हे बघायचं. पुडी भरली की ती शोषायची थांबते, त्यामुळे 'गेल्या वर्षी टाकली होती' हे चालत नाही.

साखरेचं गणित वेगळं आहे. साखरेत किड्यांची वाढ होत नाही, तिचा शत्रू म्हणजे ओलावा, आणि तोही सतत वर-खाली होणारा. हवा फार दमट झाली की दाण्यांच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर येतो आणि त्यात थोडी साखर विरघळते. हवा कोरडी झाली की तीच साखर दोन दाण्यांच्या मध्ये पुन्हा घट्ट होते आणि दाणे एकमेकांना सांधले जातात. म्हणून दिवसभर ओट्यावर वाफ आणि रात्री कोरडी हवा, अशा ठिकाणच्या साखरेचा दगड होतो. पिठीसाखरेचे कण बारीक, पृष्ठभाग जास्त, म्हणून ती सगळ्यात आधी गोळे धरते. ब्राऊन शुगरचं नेमकं उलटं : ती वाळली की कडक होते, त्यामुळे तिच्या डब्यात सिलिका जेल टाकणं म्हणजे तिला मुद्दाम दगड करणं.

डबा वारंवार उघडल्याने साखर ओली होते, असं सगळे म्हणतात. मी हिशेब करून पाहिला. तीस अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम वाफ असते. म्हणजे डब्यातल्या एक लिटर मोकळ्या जागेत जेमतेम ०.०३ ग्रॅम. ओल्या चमच्यावरचा एक बारीक थेंब याहून जास्त पाणी आत नेतो. झाकण उघडणं हा इतका मोठा गुन्हा नाही. ओला चमचा, उकळत्या पातेल्यावर उलटी धरलेली बाटली आणि दिवसरात्र थोडी थोडी हवा आत सोडणारं सैल झाकण, खरे गुन्हेगार हे तीन. पातेल्यावरून थेट शिंपडण्याची सवय मोडायला मला सगळ्यात जास्त त्रास झाला. आता आधी वाटीत काढते, बाटली बंद करते, मग वाटीतून घालते.

जागाही बदलली. गॅसच्या वरचं कपाट हाताला जवळ असतं, पण तिथे उष्णता आणि वाफ दोन्ही चढतात. फ्रीजच्या गरम होणाऱ्या बाजूला लागून असलेली फळीही तितकीच वाईट. आता त्या दोन्ही जागांवर ताटं-भांडी आहेत, आणि कोरडा माल खालच्या, भिंतीपासून जरा सुट्या फळीवर.

मसाल्यांत अख्खे जास्त टिकतात आणि पूड लवकर विटते, हे सर्वांना माहीत असतं. किडे मात्र दोन्हींत होतात. अख्ख्या मसाल्याला टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं आणि तळाला बारीक भुसा दिसला, तर आत भुंगा आहे. मिरचीपूड, धणेपूड आणि आलेपूड त्यांना विशेष आवडते. त्यांतले काही पातळ प्लॅस्टिकची पिशवी कुरतडून पार होतात, म्हणून मसाले मी काचेतच ठेवते. लसूण आणि कांद्याची पूड मात्र ओलावा इतकी ओढते, की ती अगदी थोडी आणणं हाच उपाय.

सुकामेव्यात किड्यांपेक्षा खवटपणाची चिंता जास्त. खवट वास येतो तो तेलाचा हवेशी संयोग झाल्याने, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. अक्रोडातलं तेल यात सगळ्यात नाजूक, बदामातलं बरंच टिकाऊ. तुकडे केलेले आणि भाजलेले दाणे अख्ख्या कच्च्या दाण्यांच्या आधी बिघडतात. डबा काठोकाठ भरला तर आत हवा कमी राहते, म्हणून मोठ्या बरणीच्या तळाशी मूठभर अक्रोड ठेवण्यापेक्षा ते लहान बाटलीत हलवते. महिनाभराचे बाहेर, बाकीचे फ्रीजरमध्ये. तिथे ते वर्षभर चांगले राहतात, पण डबा घट्ट हवा, कारण तेलकट दाणे शेजारच्या पदार्थांचा वास पटकन घेतात. बाहेर काढताना नियम पिठाचाच : आधी बंद डबा खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा.

नाकाला ऑइल पेंटसारखा वास येईपर्यंत थांबायची गरज नसते. एक दाणा सावकाश चावायचा. सुरुवातीला ठीक लागून मग घशाशी कडवट चव उरली, तर तेल बिघडायला लागलंय. भाजल्याने ही चव जात नाही, वेलची-दालचिनीत ती फक्त लपते. कोंड्यासह दळलेल्या पिठातही तेल असतं, त्यामुळे तेही असंच चाखून बघते आणि मैद्याच्या मानाने थोडं-थोडंच आणते.

शेंगदाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी दिसली किंवा ते सुरकुतलेले, काळपट निघाले, तर निवडत बसायचं नाही, सगळेच टाकायचे. त्या बुरशीचं विष दाण्यात उतरलेलं असतं आणि भाजून किंवा शिजवून ते पुरतं जात नाही.