सर्वो लॉग: बोडे प्लॉटवर मार्जिन वाचणं, आणि १४.८ डीबी बघून हुरळून न जाणं

मोटरचं मॉडेल मागच्या नोंदीत हाती आलं होतं. या वेळी कोर्सच्या असाइनमेंटमधला तिसरा प्रश्न घेतला, कारण त्यातली सिस्टिम आपल्या टेबलावरच्या पोझिशन सर्वोसारखीच आहे. ओपन लूप असा:

```
G(s) = K / [ s (1 + 0.2s) (1 + 0.02s) ],   K = 10
```

०.२ सेकंद हा मोटरचा मेकॅनिकल टाइम कॉन्स्टंट आणि ०.०२ सेकंद फिल्टरचा, असं धरून चाला. म्हणजे कॉर्नर ५ आणि ५० रेडियन/सेकंदाला. प्रश्न तीन: दोन्ही मार्जिन वाचा, फेज मार्जिन ४५ अंश हवं असेल तर K किती ठेवाल, आणि लूपमध्ये २० मिलिसेकंदांचा डिले शिरला तर काय होईल.

आधी हातानं काढलं, सेमी-लॉग कागदावर. मॅग्निट्यूडची रेघ सुरुवातीला −२० डीबी प्रति डेकेड उतरते, ५ पाशी ती ६ डीबीवर असते आणि तिथून −४० नं खाली जाते. सरळ रेघांनुसार ती ० डीबीला ७.०७ वर कापते. तिथली फेज −१५२.८ अंश, म्हणून फेज मार्जिन २७ अंश. पण खरी वक्र रेषा कॉर्नरवर सरळ रेघेच्या ३ डीबी खाली असते, आणि आपला क्रॉसओव्हर कॉर्नरच्या अगदी शेजारी आहे. ती दुरुस्ती केली की वक्र ० डीबीला ६.२२ वरच येतो. तिथली फेज −१४८.३, म्हणजे मार्जिन ३१.७ अंश.

६ सेंटीमीटरची डेकेड असलेल्या कागदावर ६.२२ आणि ७.०७ यांत जेमतेम साडेतीन मिलिमीटरांचं अंतर पडतं, आणि त्यापोटी साडेचार अंश जातात. क्रॉसओव्हर कॉर्नरपासून डेकेडभर लांब असेल तर सरळ रेघा बिनधास्त वापरा. कॉर्नरच्या अवतीभवती असेल तर त्या दोन-तीन बिंदूंची आकडेमोड करून वक्र गोल करून घ्यायचा. डिझाइनच्या दृष्टीनं इथली चूक सुरक्षित बाजूला पडली, कारण सरळ रेघेनं मार्जिन कमी दाखवलं. दुसऱ्या सिस्टिममध्ये ती अशीच सोयीची पडेल असं समजू नका. न्युमरेटरमध्ये झीरो असला तर त्याच्या कॉर्नरला खरा वक्र सरळ रेघेच्या वर असतो, मग खरा क्रॉसओव्हर पुढे सरकतो.

गेन मार्जिन मात्र दुसऱ्याच उभ्या रेघेवर वाचायचं. फेज −१८० ला जिथे पोहोचते तिथे: १५.८ रेडियन/सेकंद, म्हणजे ५ आणि ५० च्या गुणाकाराचं वर्गमूळ. तिथे मॅग्निट्यूड ० डीबीच्या १४.८ डीबी खाली आहे. पडताळा सोपा आहे: राउथ लावला तर ही सिस्टिम K = ५५ ला डगमगायला लागते, आणि ५५ भागिले १० म्हणजे ५.५ पट, अर्थात १४.८ डीबी.

python-control वरही तेच बघितलं:

```
import control as ct
s = ct.tf('s')
G = 10/(s*(0.2*s+1)*(0.02*s+1))
gm, pm, wcg, wcp = ct.margin(G)
```

`gm` मध्ये ५.५ येतं, १४.८ नाही. हा आकडा पट आहे, डीबी नाही. ५.५ डीबी समजून बसलात तर चांगली सिस्टिम उगाच काठावरची वाटेल. `wcg` ही फेज −१८० ला पोहोचते ती फ्रिक्वेन्सी (१५.८) आणि `wcp` ही मॅग्निट्यूड ० डीबीला येतं ती (६.२२). नावं बघून बरोबर उलटं वाटतं.

आता मुद्द्याचं. १४.८ डीबी म्हणजे गेन साडेपाच पट वाढवला तरी लूप तग धरेल. ऐकायला छानच. पण लूप बंद करून स्टेप दिली तर ओव्हरशूट ४० टक्क्यांच्या आसपास जातं. मोटर ९० अंशांवर थांबायची तर १२५ च्या पुढे जाऊन परत येते, आणि तशी डुलत डुलत बसते. याचं कारण फेजच्या रेषेत दिसतं: ६.२२ पासून १५.८ पर्यंत फेज फक्त ३२ अंश घसरते, पण तेवढ्याच टप्प्यात मॅग्निट्यूड १५ डीबी उतरतं. म्हणून उभ्या दिशेनं भरपूर जागा दिसते, आणि फेजच्या दिशेनं भिंत हाताशी असते. मोटर किती डुलेल ते या सिस्टिममध्ये फेज मार्जिनच सांगतं. अंशांना १०० नं भागलं की डॅम्पिंग रेशो, हा ठोकताळा ०.३२ देतो, क्लोज्ड लूपचे पोल काढले तर ०.२८ निघतो. एवढ्यावर काम भागतं.

४५ अंशांसाठी नवीन प्लॉट काढायची गरज नाही. K बदलला की फेजची रेषा हलत नाही, मॅग्निट्यूडचा वक्र तेवढा आख्खा वर-खाली सरकतो. म्हणून आधी फेजच्या रेषेवर −१३५ शोधायचं. ते ४.२२ ला सापडतं. तिथून सरळ वर मॅग्निट्यूडवर जायचं: ५.१ डीबी. वक्र तेवढा खाली आणला की क्रॉसओव्हर तिथेच येतो. १० ला ५.१ डीबीनं कमी केलं की K = ५.५. ओव्हरशूट ४० वरून २३ टक्क्यांवर येतं. किंमत रॅम्पला मोजावी लागते: स्थिर वेगानं फिरणाऱ्या संदर्भामागे मोटर आधी वेगाच्या ०.१ पट मागे राहायची, आता ०.१८ पट राहते. आपल्या पॅन-टिल्टला ते चालेल; सीएनसीवाल्यांना बहुतेक नाही चालणार.

डिलेचा भाग सगळ्यात मजेदार. डिले मॅग्निट्यूडला हात लावत नाही, फक्त फेज खातो, आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात खातो: अंशांत ५७.३ × ω × T. K = १० ला ६.२२ वर २० मिलिसेकंद म्हणजे ७.१ अंश, म्हणून फेज मार्जिन २४.६ उरतं. एवढ्यावर समाधान मानू नका. फेज −१८० ला आता १५.८ ऐवजी १०.९ लाच पोहोचते, आणि तिथे मॅग्निट्यूड अजून फारसं उतरलेलं नसतं. गेन मार्जिन १४.८ वरून थेट ८.५ डीबी. म्हणजे मघाशी ज्याचा भरवसा वाटत होता तोच आकडा डिलेपुढे जास्त कोसळला. मोठं गेन मार्जिन पुढच्या फ्रिक्वेन्सीवर वाचलेलं असतं, आणि डिले पुढेच जास्त फेज खातो.

पूर्ण मार्जिन संपवायला किती डिले लागेल तेही एका ओळीत निघतं: मार्जिन रेडियनमध्ये करून क्रॉसओव्हरनं भागायचं. ०.५५३ भागिले ६.२२, म्हणजे ८९ मिलिसेकंद. मायक्रोकंट्रोलरचा लूप २० मिलिसेकंदांनी चालत असेल तर होल्डमुळे अर्ध्या सॅम्पलचा, आणि आउटपुट पुढच्या सॅम्पलला जात असेल तर आणखी एका सॅम्पलचा, असा एकूण ३० मिलिसेकंदांचा हिशोब धरा. सिरियलवर डिबग प्रिंट टाकला आणि तो ब्लॉक करत असेल तर हा आकडा गुपचूप वाढतो. प्रिंट काढल्यावर मोटर शांत बसते, याचा अर्थ अनेकदा हाच असतो.

K = ५.५ ला २० मिलिसेकंदांचा डिले घालून पुन्हा वाचलं: फेज मार्जिन ४०, गेन मार्जिन १३.६ डीबी. असाइनमेंटमध्ये हेच उत्तर लिहिलं. लीड कॉम्पेन्सेटर लावून रॅम्पची गेलेली अचूकता परत मिळवायचा भाग पुढच्या नोंदीत. तोवर कुणाकडे १० मिलिसेकंदांच्या लूपवरचा स्टेप रिस्पॉन्स असेल तर टाका, ओव्हरशूट ताडून बघू.