एमडी साहेबांची पेन्सिल

आज एमडी साहेबांनी मेमो वाचला आणि एकाच शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला: "स्टाफ".

"यात लूमवाले येतात का हो?"

मेमोत स्टाफ वेल्फेअर आणि वार्षिक सहलीचं बजेट होतं. ऑफिसचे 40 जण, एक मुक्काम, राहणं-जेवण माणशी 3,000, म्हणजे 1,20,000. बसचे 30,000. एकूण दीड लाख, सगळं जीएसटी धरून. अकाउंट्सवाले कर वजा करून आकडा लहान दाखवा म्हणत होते. पण कायद्याने बंधनकारक नसलेल्या अशा सहलीच्या जेवणावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. तो कर कंपनीच्याच खिशातून जातो. मंजुरी कमी आकड्याला घेतली, तर बिलं आल्यावर पुन्हा साहेबांच्या दारात.

कॅन्टीन आणि प्रथमोपचार पेटी मुद्दाम वेगळ्या पानावर होती. ठरावीक संख्येच्या वर कामगार असले की कॅन्टीन कायद्याने द्यावंच लागतं. ते सहलीच्या रकमेत मिसळलं की काटछाटीत नेमकं तेच आधी कापलं जातं. (पाहिलंय.)

साहेबांना यातलं सगळं पटलं. अडलं ते त्या गोलावर. टॉवेलचे लूम दोन दिवस बंद ठेवता येत नाहीत. पाळीनुसार तुकड्या करायच्या तर बस तितक्या वेळा. मी म्हटलं, त्यांच्यासाठी नळदुर्गची एका दिवसाची सहल धरू, मुक्कामाचा खर्च वाचेल.

"म्हणजे ऑफिसला मुक्काम, आणि त्यांना डबा?"

उद्या सुधारित मेमो द्यायचाय. तुमच्याकडे पाळीवाल्यांची सहल कशी बसवतात?