उडीपाशी उठणाऱ्या लाटा आणि लिमिटर

नळीतून वाहत जाणाऱ्या रंगाची संहती काढायची होती. सुरुवातीला डावीकडे 1, उजवीकडे 0, मध्ये सरळ उडी. प्रथम कोटीची अपविंड पद्धत ही उडी पसरवून टाकते, म्हणून द्वितीय कोटीची लॅक्स-वेंड्रॉफ घेतली. उडी बरीच धारदार राहिली, पण तिच्या मागे लाटा उठल्या आणि संहती 1 च्या वर गेली. ग्रिड बारीक केला. लाटा अरुंद झाल्या, उंची मात्र जवळपास तेवढीच.

शेवटी कागदावर एकच पायरी सोडवली. कूरांट अंक c, म्हणजे एका पायरीत रंग किती सेल सरकतो तो अंक, 0.5; सेल 0 पर्यंत 1, सेल 1 पासून 0. सेल 0 ची नवी किंमत: 1 + 0.25 − 0.125 = 1.125. या गणितात Δx कुठेच नाही! म्हणजे कितीही बारीक ग्रिड घेतला तरी पहिल्याच पायरीत हे होणार. कोडमध्ये चूक शोधण्यात घालवलेले दिवस वाया गेले होते. गोडुनॉव्हने 1959 मध्येच दाखवलं होतं की नव्या लाटा निर्माण न करणारी रेषीय पद्धत प्रथम कोटीच्या वर जाऊ शकत नाही.

सुटका 'रेषीय' या शब्दात आहे. अपविंड फ्लक्समध्ये द्वितीय कोटीची दुरुस्ती किती मिसळायची, हे उताराच्या बदलाकडे पाहून प्रत्येक सीमेवर वेगळं ठरवायचं. हे ठरवणारं सूत्र म्हणजे लिमिटर; मी व्हॅन लीअरचा घेतला. शेजारच्या दोन फरकांचं गुणोत्तर r काढताना सपाट भागात शून्याने भागाकार होऊन सगळीकडे `nan` आलं, म्हणून सूत्र असं लिहिलं (वेग v धन आहे):

```python
a = u[i] - u[i-1]
b = u[i+1] - u[i]
d = 2*a*b/(a+b) if a*b > 0 else 0.0
F = v*(u[i] + 0.5*(1-c)*d)
```

तीच उडी पुन्हा सोडवली. पहिल्या पायरीत उडीच्या सीमेवर a शून्य, म्हणून दुरुस्तीही शून्य: सेल 0 मध्ये 1, सेल 1 मध्ये 0.5. दुसऱ्या पायरीत सेल 1 आणि 2 मधल्या सीमेवर a आणि b दोन्ही −0.5, म्हणून दुरुस्ती पूर्ण लागते. सेल 1 ला 0.8125 आणि सेल 2 ला 0.1875 मिळतात. नुसत्या अपविंडने 0.75 आणि 0.25 आले असते. उडी जास्त धारदार, तरी काहीही 0 ते 1 च्या बाहेर नाही. हे आकडे हाताने जुळले तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

एक किंमत मात्र मोजावी लागते. गुळगुळीत शिखरावर a आणि b ची चिन्हं उलट असतात, तिथेही d शून्य होतो. नंतर घंटेच्या आकाराचा थेंब सोडून पाहिला, तर प्रत्येक फेरीत त्याचं टोक थोडं बसत गेलं. सुपरबी लिमिटरने उडी आणखी धारदार होते, पण असे गोल थेंब तो चौकोनी करून टाकतो. माझ्या नळीत उड्या आणि थेंब दोन्ही होते, म्हणून मी व्हॅन लीअरच ठेवला आणि शिखराजवळ ग्रिड दुप्पट बारीक केला.