पार्किंगची सोडत आणि माझ्या तीन ओळी

आमच्या सोसायटीत ३६ गाड्या आणि ३६ जागा. काही जागा छपराखाली, तर शेवटच्या चार गळक्या टाकीखाली. दरवर्षी चिठ्ठ्या काढतात आणि दरवर्षी भांडणं होतात. यंदा मी सभेत उठून म्हणालो, मी प्रोग्रॅम लिहितो. पायथॉनमध्ये `random.shuffle` तयार आहे हे मला ठाऊक होतं. तरी स्वतः लिहायची हौस नडली.

```python
n = len(a)
for i in range(n):
    j = random.randint(0, n - 1)
    a[i], a[j] = a[j], a[i]
```

यादीतल्या प्रत्येकाची कुठल्याही एकाशी अदलाबदल. यापेक्षा जास्त काय पिसायचं? दोन नावांवर चालवून पाहिलं, निम्मे निम्मे आले. (दोन नावांवर कधीच तपासू नका. तिथे हे चुकीचं पिसणंही बरोबर निघतं.)

तळमजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "तिघांवर चालव आणि मोजून दाखव." मनात चरफडत मी अ, ब, क ही नावं घेतली आणि ५४,००० वेळा चालवलं. सहा क्रम शक्य, म्हणजे प्रत्येक साधारण ९,००० वेळा यायला हवा. नशिबाने शंभर-दोनशे इकडेतिकडे होतात, ते चालतं. माझ्याकडे तीन क्रम ८,००० च्या आसपास आले आणि तीन १०,००० च्या. पुन्हा चालवलं, तेच तीन वर आणि तेच तीन खाली.

इथे माझी अख्खी संध्याकाळ गेली. मी ठरवूनच टाकलं की संगणकाचा यादृच्छिक आकडाच खोटा आहे. सीड बदललं, `SystemRandom` लावलं, लॅपटॉप बदलला. आकडे हटेनात. शेवटी चिडून कागद घेतला आणि सगळ्या शक्यता हाताने लिहायला बसलो. हे आधी केलं असतं तर जेवण गार झालं नसतं.

तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत तीन निवडी, म्हणजे ३ × ३ × ३ = २७ वाटा. प्रत्येक वाटेची शक्यता सारखी. पण या वाटा पोहोचतात सहाच क्रमांपाशी, आणि २७ ला ६ ने नि:शेष भाग जात नाही. मग सारखी वाटणी होणार कशी? मोजल्यावर अबक, कअब, कबअ यांना चार-चार वाटा मिळाल्या आणि अकब, बअक, बकअ यांना पाच-पाच. ५४,००० चे २७ भाग केले की एक भाग २,००० चा, म्हणून ८,००० आणि १०,०००. आकडा निर्दोष होता, माझं पिसणंच वाकडं होतं.

आणि याची झळ थेट माणसांना बसते. पहिली जागा 'अ'ला २७ पैकी ९ वेळा मिळते, 'ब'ला १० वेळा आणि 'क'ला फक्त ८ वेळा. म्हणजे यादीत शेवटी नाव असणं हाच 'क'चा गुन्हा! नावं वाढवूनही सुटका नाही. n नावांना वाटा nⁿ आणि क्रम n!. n! मध्ये n−1 हा अवयव असतो आणि n−1 चा n शी १ सोडून एकही सामाईक अवयव नसतो, त्यामुळे तीन किंवा जास्त नावांना हा भागाकार कधीच पुरा जात नाही.

दुरुस्ती एवढीशीच:

```python
for i in range(len(a) - 1, 0, -1):
    j = random.randint(0, i)
    a[i], a[j] = a[j], a[i]
```

शेवटच्या जागेसाठी सगळ्यांतून एक निवडायचा, तो तिथे बसला की त्याला पुन्हा हात लावायचा नाही. मग उरलेल्यांतून पुढची जागा. वाटा ३ × २ = ६, क्रमही सहा, प्रत्येकाला एकच वाट. फिशर आणि येट्स यांनी १९३८ मध्ये ही रीत कागद-पेन्सिलीसाठी दिली होती. यादीतल्या यादीत अदलाबदल करायचं हे रूप डर्स्टेनफेल्डने १९६४ मध्ये मांडलं. नव्याने मोजल्यावर सहाही क्रम ९,००० च्या आसपास आले, तेव्हा कुठे काकांनी मान डोलावली.

एक सांगायचं राहिलं. घाईत मी आधी `randint(0, i - 1)` लिहिलं होतं. त्यात कुणालाच स्वतःच्या जागी राहता येत नाही, आणि सहापैकी दोनच क्रम निघतात, बकअ आणि कअब. तीन नावांवर मोजलं म्हणून लगेच दिसलं.

सोडतीच्या दिवशी अकराव्या नंबरच्या गाडीला अकरावीच जागा निघाली. लगेच ओरडा झाला, "यांची बदललीच नाही, ही कसली सोडत!" बरोबर पिसलं की सरासरीने एक जण आपल्या मूळ जागी राहतोच, हे त्यांना समजावायला मात्र काकाच पुढे झाले.