तुम्ही विचारलंत म्हणून: ऐंशी जागांच्या क्लासची जाहिरात

"सर, स्टँडपासून कॉलेजपर्यंत सगळीकडे त्या मोठ्या क्लासचेच फ्लेक्स आहेत. तुम्ही का नाही लावत काही? असं किती दिवस टिकणार?"

हे मला पालक विचारतात, जुने विद्यार्थी विचारतात, घरचे तर रोजच विचारतात. दर वेळी मी "बघू" म्हणून विषय बदलतो, कारण खरं उत्तर लांब आहे आणि दारात उभं राहून देता येत नाही. आज देतो.

आधी हिशोब. माझ्या दहावीच्या दोन बॅच आहेत, चाळीस-चाळीसच्या, गणित आणि विज्ञान, स्टेट बोर्ड. ऐंशीतली साधारण पन्नास पोरं माझ्याच नववीतून वर येतात, आठ-दहा जण कुणाची तरी धाकटी भावंडं असतात, म्हणजे दरवर्षी मला बाहेरून नवीन हवीत ती वीस-बावीस. वीस-बावीस पोरांसाठी अख्ख्या तालुक्याला ओरडून सांगायची गरज नसते. मोठ्या क्लासला असते, कारण त्यांनी एसी हॉल घेतलेत, बाहेरून फॅकल्टी आणलीय, फ्रँचायझी असल्यामुळे वर हेड ऑफिसला वाटा द्यायचा आहे, त्यांना काहीशे पोरं भरलीच पाहिजेत. त्यांचं जाहिरातीचं बजेट मोठं आहे कारण भरायच्या जागा मोठ्या आहेत. मी त्यांच्यासारखा खर्च केला आणि समजा दोनशे पोरं आली तरी बसवू कुठे आणि पेपर तपासणार कोण, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दुसरं म्हणजे वेळ. नववीची परीक्षा संपली की एप्रिलमध्ये दहावीची व्हेकेशन बॅच सुरू होते, म्हणजे पालकांचं ठरतं मार्चमध्ये, फार तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. बोर्डाचा निकाल त्यानंतर लागतो, २०२४ ला २७ मेला लागला, २०२५ ला लवकर म्हणजे १३ मेला, तरी तोवर माझी बॅच भरून एक-दोन धडे झालेले असतात. टॉपरच्या फोटोंचे जे मोठे फ्लेक्स तुम्हाला दिसतात ते अकरावीच्या ऍडमिशनसाठी असतात, इंटिग्रेटेड, नीट, जेईई वगैरे. माझं गिऱ्हाईकच ते नाही. हो, आठवी-नववीच्या पालकांच्या डोक्यात ते नाव वर्षभर राहतं आणि पुढच्या मार्चमध्ये उपयोगी पडतं, हे मला मान्य आहे, त्यामुळे फ्लेक्स फुकट जातो असं मी म्हणणार नाही.

मग माझं ब्रँडिंग काय? एवढंच, की दोन बायका भाजी घेताना एकमेकींना "कुठं घातलाय गं पोराला?" विचारतात तेव्हा माझ्याबद्दल नेमकं एक वाक्य निघालं पाहिजे. "सर चांगले आहेत" हे वाक्य कामाचं नाही, सगळेच सर चांगले असतात. मी जे ठरवलं ते हे: रविवारी लेखी पेपर आणि मंगळवारी संध्याकाळी तो तपासून हातात. गेली काही वर्षं एकही मंगळवार चुकू दिलेला नाही, सणवारसुद्धा.

हेच का निवडलं ते सांगतो. बोर्डाच्या गणिताचे दोन पेपर चाळीस-चाळीसचे, आणि त्यातले एक-एक मार्काचे प्रश्न सोडले तर बाकी बहुतेक लिहून दाखवायचं असतं, प्रत्येक पायरीला मार्क असतात. सूत्र लिहिलं, किंमत घातली, एकक लिहिलं, भूमितीत कारण कंसात दिलं, याचे मार्क मिळतात, उत्तर शेवटी चुकलं तरी मिळतात. मोठ्या क्लासचं फाउंडेशन पर्यायवाल्या प्रश्नांवर चालतं, ओएमआर किंवा ॲपवर, निकाल पाच मिनिटांत येतो आणि कुठल्या पायरीला घसरला ते कुणालाच कळत नाही. नीट-सीईटीसाठी ती पद्धत बरोबरच आहे, पण दहावीच्या पोराला ५८ वरून ७२ वर जायचं असेल तर त्याच्या वहीवर कुणीतरी लाल पेनाने "इथं कारण लिहिलं नाहीस" असं लिहावंच लागतं. ही गोष्ट ते करू शकत नाहीत, कारण एक पेपर नीट तपासायला मला दहा मिनिटं लागतात, ऐंशी पेपर म्हणजे तेरा तासांच्या वर, मी आणि एक मॅडम मिळून दोन दिवसांत कसंबसं होतं. शंभरावा विद्यार्थी घेतला की मंगळवार चुकणार. म्हणून बॅच चाळीसच्या पुढे नेत नाही, त्यात माज वगैरे काही नाही.

तपासलेले पेपर एका निळ्या फाइलमध्ये लावून घरी जातात, त्यावर पालकांची सही घेतो. ती फाइल वर्षभर घरात टीव्हीच्या बाजूला पडलेली असते, पाहुणे बघतात, शेजारचे उघडून बघतात. फ्लेक्सचे पैसे मी इथे घालतो, फायलीत, कागदात आणि मॅडमच्या पगारात.

आता ती गोष्ट, जी मी लिहायचं टाळत होतो.

माझ्याकडे आठवीपासून एक मुलगी होती. वडील ऊसवाले, फी उसाचं बिल आलं की द्यायचे, तीन वर्षं तसंच चाललं. दहावीला तालुक्यात वरच्या पाचात आली. निकालानंतर चौथ्या दिवशी स्टँडसमोर तिचा फोटो, माणसापेक्षा मोठा, वर एका मोठ्या क्लासचं नाव आणि खाली "आमची गुणवंत विद्यार्थिनी". मी गाडी बाजूला लावून बराच वेळ तो बघत होतो, आधी वाटलं दुसरीच मुलगी असेल. मग लक्षात आलं, फोटो माझ्याच क्लासच्या गॅदरिंगचा होता, मागे आमच्या भिंतीचा रंग दिसत होता.

झालं असं होतं. जानेवारीत त्यांनी शाळेत स्कॉलरशिप टेस्ट घेतली, फॉर्मवर प्रत्येक पोराच्या वडिलांचा नंबर घेतला, वरच्या मुलांना फुकट टेस्ट सिरीज दिली, तिने तीन की चार टेस्ट दिल्या. निकाल लागला त्याच रात्री काउन्सेलर घरी पेढे घेऊन गेला, अकरावीच्या फीत मोठी सूट आणि एका कागदावर सही. मी ब्रँचला गेलो तर त्यांनी तो कागद शांतपणे समोर ठेवला. आवाज चढवून मी बोललो, ते "सर, पालकांची संमती आहे" एवढंच म्हणत राहिले.

संध्याकाळी मी मुलीच्या घरी गेलो. वडील खाली बघूनच बोलत होते. "सर, तुम्हीच केलं सगळं, मला माहितीय. पण त्यांनी अकरावीची फी निम्मी केली. मी नाही कसं म्हणू?" मला उत्तर देता आलं नाही. मुलगी आत दारापाशी उभी होती, चहा घेऊन आली, आणि "सर, फाइल मी ठेवलीय" म्हणाली. मी चहा अर्धा ठेवून निघालो, हे मला आजही लागतं, त्या पोरीने काय वाईट केलं होतं माझं?

आमच्या क्लासमधल्या पोरांनी ठरवलं होतं की त्याच्या शेजारी दुप्पट मोठा फ्लेक्स लावू, "खरी विद्यार्थिनी कुणाची?" असा. मी थांबवलं. पंधरा वर्षांच्या मुलीचा चेहरा दोन क्लासच्या भांडणात स्टँडवर टांगायचा नव्हता मला. लोक म्हणतात तुम्ही घाबरलात. म्हणू देत.

कायदा तुम्हाला माहीत असावा म्हणून सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा तर लेखी संमती निकालानंतर घ्यायची, आणि त्याने कुठला कोर्स केला, किती मुदतीचा, पैसे भरून की नाही हेही जाहिरातीत सांगायचं. म्हणजे त्या फ्लेक्सवर "मोफत टेस्ट सिरीज" असं लिहायला हवं होतं. सही निकालानंतरची होती, त्यामुळे तेवढं ते बरोबर होते, हे लपवत नाही. तक्रार १९१५ या नंबरवर करता येते. मी केली नाही, कारण मग मुलीच्या वडिलांना विचारणा होणार आणि फीची सूट जाणार. हे बरोबर केलं की नाही यावर माझं माझ्याशीच अजून भांडण आहे. ज्या पालकांनी त्या फ्लेक्सवर विश्वास ठेवून पैसे भरले त्यांचं काय, असा प्रश्न बायको विचारते, आणि तो प्रश्न खरा आहे.

त्या वर्षी एप्रिलपासून भरलेली बॅच कुठे गेली नाही, पण जूनमध्ये आठवीला कमी पोरं आली. "तुमची टॉपर तिकडंच होती म्हणे?" असं तोंडावर विचारणारेही होते.

क्लास सुरू केला तेव्हा मी ठामपणे म्हणायचो की नीट शिकवा, लोक आपोआप सांगतात. त्या वेळच्या मला आज मी म्हणेन की आपोआप काही होत नाही, सांगायला लोकांच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. त्यावर तो मला म्हणेल की मग फ्लेक्स लाव ना, अडलंय कुठे? आणि तो पूर्ण चुकीचा नाही.

मी हातात जे द्यायला लागलो ते म्हणजे अख्ख्या बॅचचा निकाल. फोटो नाहीत, नावं नाहीत. जूनमध्ये बॅचमधल्या सगळ्यांची एक चाचणी घेतो, नववीच्या अभ्यासावर, आणि बोर्डाचा निकाल लागला की एका कागदावर प्रत्येकाचे जूनचे टक्के आणि बोर्डाचे गणित-विज्ञानाचे टक्के शेजारीशेजारी छापतो, ऐंशीच्या ऐंशी ओळी, ज्यांचे कमी झाले तेही. शाळेचे नववीचे मार्क घेत नाही कारण प्रत्येक शाळा वेगळी सैल. चाचणी माझीच असल्याने "तुम्ही ती मुद्दाम अवघड काढता" असं कुणी म्हणू शकतं, म्हणून तो पेपरही सोबत देतो. मार्चमध्ये नवीन पालक आले की हा कागद पुढे ठेवतो. ज्याच्या पोराला ५५ पडतात तो बोट फिरवत पंचावन्नच्या आसपासच्या ओळी शोधतो, ९७ वाल्या फोटोत त्याला त्याचं पोर दिसत नाही, इथं दिसतं. ज्यांचं पोर आधीच नव्वदच्या वर आहे त्यांना मात्र या कागदाने काही फरक पडत नाही, ते तिकडे जातात, आणि पुढेही जातील.

आता सगळे म्हणतात अकरावी-बारावी सीईटी सुरू करा, म्हणजे पोरं दहावीनंतर हातातून जाणार नाहीत. फिजिक्स-मॅथ्स माझ्याकडून होईल. केमिस्ट्रीला गावात राहणारा, मंगळवारी पेपर परत देणारा माणूस हवाय, दोघांशी बोलणं झालंय, एकाला पुणं सोडायचं नाही. माणूस मिळाला तर जूनमध्ये एक बॅच निघेल, नाही मिळाला तर यंदाही दहावीपर्यंतच.