किती बोलून थांबायचं?

“माझं भाषण मराठीत आहे. दुभाषी शेजारी उभा राहून ते श्रोत्यांच्या भाषेत सांगणार आहे. दर वाक्याला थांबू की परिच्छेद संपल्यावर?”

तुम्ही विचारलंत म्हणून आधी मोजमाप सांगते. एका वेळी दोन किंवा तीन छोटी वाक्यं, म्हणजे साधारण वीस ते तीस शब्द बोला आणि थांबा. सावकाश बोललात तर याला पंधरा-वीस सेकंद लागतात. प्रशिक्षित दुभाषी खुणांच्या टिपणांवरून पाच मिनिटांचं बोलणंसुद्धा नीट मांडू शकतो, पण सभेत मदतीला आलेल्या बहुतेकांना ते तंत्र शिकायला मिळालेलं नसतं. शिवाय मराठी न कळणारा श्रोता तेवढा वेळ नुसता तुमच्या तोंडाकडे बघत राहतो.

शब्दांच्या मोजणीपेक्षा तुकडा कुठे संपतो हे मात्र जास्त महत्त्वाचं. अर्धवट वाक्यावर थांबणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे आणि मराठीत ती फार महागात पडते. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ तर त्याच्याही नंतर. ‘ज्यांनी मागच्या वर्षी अर्ज केला होता त्यांना यंदा पुन्हा अर्ज’ इथे तुम्ही श्वास घेतलात, तर पुढे ‘करावा लागेल’ येणार की ‘करण्याची गरज नाही’ हे दुभाष्याला कळायला मार्गच नसतो. इंग्रजीसारख्या भाषेत क्रियापद कर्त्याच्या मागोमाग लागतं, त्यामुळे त्याला अंदाजाने बोलावं लागतं किंवा गप्प उभं राहावं लागतं. अंदाज चुकला की तो वाक्य मागे घेतो आणि श्रोत्यांच्या डोक्यात दोन्ही अर्थ राहतात.

यावर उपाय लिहितानाच करावा लागतो, व्यासपीठावर तो सुचत नाही. रक्तदानावरच्या भाषणात असं एक वाक्य आहे असं धरा:

“रक्ताच्या एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा असे तीन घटक वेगळे काढता येतात, त्यांपैकी तांबड्या पेशी योग्य द्रावणात २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवल्या तर ४२ दिवसांपर्यंत टिकतात, पण प्लेटलेट, ज्यांची कर्करोगाच्या उपचारात वारंवार गरज लागते, त्या साधारण ५ दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत, त्यामुळे वर्षातून एकदा शिबिर भरवून भागत नाही.”

कागदावर हे वाचता येतं. ऐकून लक्षात ठेवणाऱ्यासाठी मात्र यात चार गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. आता तेच तुकड्यांत:

“रक्ताच्या एका पिशवीतून तीन घटक वेगळे काढता येतात. तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा.” (थांबा)

“यांतल्या तांबड्या पेशी बराच काळ टिकतात. योग्य द्रावणात, थंड ठेवल्या तर ४२ दिवसांपर्यंत.” (थांबा)

“प्लेटलेटचं तसं नाही. प्लेटलेट साधारण ५ दिवसच टिकतात. आणि कर्करोगाच्या उपचारात प्लेटलेटची वारंवार गरज लागते.” (थांबा)

“प्लेटलेट इतक्या थोड्या दिवसांत संपतात, म्हणून वर्षातून एकदा शिबिर भरवून भागत नाही.” (थांबा)

यात काय बदललं ते बघा. ‘५ दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत’ याचं ‘५ दिवसच टिकतात’ झालं, म्हणजे अर्थ उलटवणारा शब्द शेवटी लोंबकळत राहिला नाही. ‘ज्यांची’ने सुरू होणारं मधलं वाक्य बाहेर काढून स्वतंत्र केलं. तापमानाचे आकडे सरळ गाळले, कारण या श्रोत्यांना त्यांचा उपयोग नाही आणि एका तुकड्यात तीन आकडे आले की निदान एक तरी निसटतो.

तिसऱ्या तुकड्यात ‘प्लेटलेट’ हा शब्द तीनदा आला आहे. लिखाणात हे खटकेल. इथे ते मुद्दाम केलं आहे, कारण दोन तुकड्यांच्या मध्ये श्रोत्याने दुसऱ्या आवाजात, दुसऱ्या भाषेत काहीतरी ऐकलेलं असतं. तुकड्याची सुरुवात ‘ते’ किंवा ‘त्यांनी’ने केलीत तर ‘ते’ म्हणजे कोण हे दुभाष्यालाच शोधावं लागतं. त्यात मराठीतलं ‘ते’ एखादी वस्तू असू शकतं, अनेक माणसं असू शकतात किंवा एकच आदरणीय माणूसही. चौथ्या तुकड्यात नुसतं ‘म्हणून’ न लिहिता कारण पुन्हा सांगितलं, तेही याच हिशेबाने.

आकड्यांचं थोडं जास्त सांगायला हवं. दीड, अडीच, पावणेदोन, साडेतीन हे शब्द आपल्याला इतके सवयीचे असतात की त्यांत दुभाष्याला गणित करावं लागतं हे ध्यानात येत नाही. ‘पावणेदोन लाख’ ऐकल्यावर त्याला आधी १,७५,००० करावे लागतात आणि ऐकणारे लाख-कोटी न वापरणारे असतील तर त्याचे ‘एकशे पंच्याहत्तर हजार’. कोटीचे दहा दशलक्ष करताना एक शून्य इकडेतिकडे होणं फार सोपं आहे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतही घाईत गल्लत होते. म्हणून एका तुकड्यात एकच मोठा आकडा ठेवा आणि दुभाष्याच्या प्रतीत तो अंकांत लिहा, शेजारी श्रोत्यांच्या पद्धतीने मांडलेलाही. विशेषनामं आणि संक्षेपांची पूर्ण रूपंही त्याच प्रतीत हवीत. म्हण किंवा ओवी असेल तर ती आदल्या दिवशी दाखवा. आयत्या वेळी तिचा अर्थ सांगता येतो, पण तिची गंमत पोहोचत नाही.

प्रत छापताना प्रत्येक तुकडा वेगळ्या परिच्छेदात घ्या, त्याला क्रमांक द्या, खाली एक ओळ मोकळी सोडा. एकही तुकडा पान उलटताना तुटता कामा नये. दोघांच्या प्रतींत क्रमांक सारखे असले की तुम्ही आयत्या वेळी काही गाळलंत तरी ‘चौदावर जाऊ’ एवढं म्हणून भागतं.

वेळेचा हिशेब आधीच करा. वीस मिनिटं मिळाली असतील तर निम्मी दुभाष्याची, शिवाय आवाज बदलताना दर वेळी सेकंद-दोन सेकंद जातात. तुमच्या वाट्याला आठ-नऊ मिनिटं उरतात, म्हणजे मिनिटाला शंभर शब्दांच्या वेगाने आठ-नऊशे शब्द. घाईचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं: भाषण वीस मिनिटांचं लिहिलेलं असतं, मग उरकण्यासाठी तुकडे लांबत जातात आणि दुभाषी गाळायला लागतो. मजकूर आधीच कापावा, वेग वाढवू नये.

तपासणीसाठी विषय नवा असलेल्या एखाद्याला समोर बसवा. एक तुकडा वाचा, त्याला तो मराठीतच परत सांगायला लावा. काही सुटलं तर तुकडा जड आहे, तिथे कापा. त्याने सगळं सांगितलं पण ‘पुढे काय?’ म्हणून तो थांबला, तर तुकडा अपुरा आहे, पुढच्या वाक्याला जोडा. प्रत्यक्ष बोलताना तुकडा संपला की आवाज खाली आणा आणि श्रोत्यांकडे बघत राहा. दुभाष्याचं शेवटचं वाक्य पूर्ण झाल्यावर मनात ‘एक’ म्हणा, मग पुढचा क्रमांक घ्या.